तोंडी परीक्षेत n-1 ने घातलेला घोळ

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पॉप्युलेशनचा मीन μ आधीच माहीत असेल, तर n निरीक्षणांवरून व्हेरिअन्स काढताना कितीनं भागशील?" मी छातीठोकपणे म्हटलं, n-1. "का?" "डिग्रीज ऑफ फ्रीडम, सर." सर फक्त "बरं" म्हणाले. उत्तर n होतं. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

मीनचं काही अवघड नाही. प्रत्येक निरीक्षणाची अपेक्षित किंमत μ, n निरीक्षणांची बेरीज केली की nμ, n नं भागलं की μ. निरीक्षणं एकमेकांवर अवलंबून असली तरी हे चालतं.

घोळ व्हेरिअन्समध्ये होतो. तीन चिठ्ठ्या घ्या: 2, 4, 6. μ = 4, व्हेरिअन्स σ² = 8/3. आता चिठ्ठी परत टाकून दोनदा काढा. (परत टाकायला विसरलात तर वेगळंच उत्तर येईल, मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे.) समजा 2 आणि 4 आले. μ पासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज 4 + 0 = 4. पण μ ठाऊक नसल्यानं आपण सॅम्पलचा मीन x̄ = 3 वापरतो, आणि बेरीज येते 1 + 1 = 2. कमीच येणार, कारण x̄ ह्याच दोन आकड्यांतून काढलाय, तो त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. किती कमी, तेही ठरलेलं आहे:

```
Σ(x-μ)² = Σ(x-x̄)² + n(x̄-μ)²
```

इथे 4 = 2 + 2·1. आता सरासरी घ्या. डावीकडे nσ². उजवीकडच्या शेवटच्या पदात x̄ चं व्हेरिअन्स σ²/n येतं, त्याला n नं गुणलं की बरोबर एक σ². उरलं (n-1)σ². म्हणून n-1. μ माहीत असेल तर हे शेवटचं पद उद्भवतच नाही, मग n नंच भागायचं. मी पाठ केलेल्या दोन शब्दांत हे कुठेच नव्हतं. पाठ करायला लावणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहे, तो राहू द्या.

विश्वास बसत नसेल तर नऊही जोड्या मांडा, दहा मिनिटांचं काम. x̄ पासूनच्या वर्गांच्या बेरजा: तीनदा 0, चारदा 2, दोनदा 8. एकूण 24, सरासरी 8/3. n-1 म्हणजे 1 नं भागा, σ² हाती. 2 नं भागलंत तर 4/3, म्हणजे निम्मंच.

`np.var` आपणहून n नं भागतं, `ddof=1` लिहावं लागतं. पांडाजचं `var` मात्र n-1 नं भागतं. उत्तरं जुळली नाहीत तर आधी इथे बघा.

आणि n-1 नं भागून येणारं s² अनबायस्ड आहे, म्हणजे सरासरीनं σ² च देतं, म्हणून त्याचं वर्गमूळ s ही तसंच असेल असं धरू नका. त्याच नऊ जोड्यांत s ची सरासरी सुमारे 1.26 येते, σ आहे 1.63.