वैद्यकीय बिलांचा अर्ज आणि शिल्लक मर्यादा: या चुका टाळा

आमच्या डाळ मिलमध्ये वैद्यकीय बिलांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. मी ते नीटनेटके करून सहीला पाठवतो. मिल दर्यापूर तालुक्यातली, माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली. त्यांचे उपचार अर्धे तालुक्याला आणि अर्धे अमरावतीला होतात.

जुलै संपता संपता पॅकिंगवरच्या एका भाऊंनी बायकोच्या आजारपणाचा अर्ज आणून दिला. दीड पान मजकूर होता. ताप कधी चढला, नाल्याला पूर आल्याने गाडी कुठे अडली, उसने पैसे कोणाकडून घेतले, सगळं त्यात होतं. बिलांबद्दल मात्र एकच वाक्य: ‘एकूण रु. १०,०२४ खर्च झाला, तो मिळावा ही विनंती.’ मागे पिनेने टोचलेला कागदांचा गठ्ठा.

“भाऊ, हे दहा हजार चोवीस कुठून आणले?”

“सगळे कागद जोडले न साहेब, बेरीज मोबाइलवर केली. चुकली का?”

बेरीज बरोबर होती. आकडेच चुकीचे उचलले होते. औषध दुकानाच्या बिलावर दोन आकडे असतात, छापील किमतीची बेरीज आणि सूट वजा जाता खाली उरलेली रक्कम. पहिल्या बिलात वर १,२४० होते, सूट १२४, आणि भाऊंनी प्रत्यक्षात दिले १,११६. अर्जात त्यांनी १,२४० धरले. यात लबाडी नव्हती, मोठ्या अक्षरातला आकडा उचलला इतकंच. पण तपासणाऱ्याला असा एक आकडा सापडला की तो बाकीच्या बिलांकडेही संशयाने पाहतो. खिशातून गेलेली रक्कमच लिहायची.

आता नियम. आमच्याकडे कर्मचारी आणि अवलंबित कुटुंब मिळून आर्थिक वर्षाला २०,००० रुपये मिळतात. डॉक्टरांची फी एका भेटीला जास्तीत जास्त ५०० धरतात, तपासण्या आणि औषधं बिलाप्रमाणे. टॉनिक, पावडर आणि प्रवासखर्च मिळत नाही. बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज द्यायचा. तुमच्या संस्थेचे आकडे वेगळे असतील, पण वार्षिक मर्यादा, प्रत्येक बाबीची मर्यादा आणि न मिळणाऱ्या वस्तू अशा तीन चाळण्या बहुतेक ठिकाणी असतात. अर्ज लिहिण्याआधी त्या आपणच लावून घ्याव्यात. भाऊंच्या बिलांना लावल्यावर ४६० रुपयांचं एसटी-ऑटोचं भाडं पूर्ण गेलं आणि बाकीचं असं उरलं:

| क्र. | तारीख | बिल | भरलेली रक्कम | नियमानुसार |
|---|---|---|---|---|
| १ | ३ जुलै | डॉक्टर, तालुका, पावती २१८ | ३०० | ३०० |
| २ | ३ जुलै | औषधं, बिल १०४७ | १,११६ | १,११६ |
| ३ | ५ जुलै | तज्ज्ञ डॉक्टर, अमरावती, पावती ९६ | ८०० | ५०० |
| ४ | ५ जुलै | रक्त तपासणी व सोनोग्राफी, बिल ३३५१ | २,६५० | २,६५० |
| ५ | ५ जुलै | औषधं, बिल ७७२ | २,३८४ | २,३८४ |
| ६ | २१ जुलै | औषधं, बिल ९०५ (३४० ची पावडर वगळून) | २,१९० | १,८५० |
| | | एकूण | ९,४४० | ८,८०० |

मग ८,८०० मागायचे का? नाही. एप्रिलपासून भाऊंनी मुलाच्या उपचारासाठी ११,८५० आधीच उचलले होते. २०,००० मधून ते वजा केले की शिल्लक ८,१५० राहते, आणि तोच मागणीचा आकडा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, कारण मर्यादा २०,००० आहे हे पाठ असतं आणि त्यातली किती संपली हे कोणी विचारत नाही. अर्जाआधी अकाउंट्सला विचारून घ्या.

काही जण याच्या उलट हुशारी करतात. ८,१५० च मिळणार म्हणून तेवढी बेरीज होईपर्यंतचीच बिलं लावतात आणि उरलेली घरी ठेवतात. तसं करू नका. चालणारी बिलं सगळी यादीत घ्या, मागणी फक्त शिल्लक मर्यादेएवढी करा. इथे ६५० रुपयांची बिलं जादा आहेत. समजा ३०० ची पावती क्र. १ नाकारली गेली, तरी ८,५०० उरतात आणि भाऊंना ८,१५० पूर्ण मिळतात. पण १,११६ चं बिल गेलं, तर मागे ७,६८४ च राहतात आणि ४६६ रुपये बुडतात.

नेमकं तेच बिल लंगडं होतं. दुकानदाराने रुग्णाच्या नावाच्या जागी ‘कॅश’ टाकलेलं, आणि भाऊंनी ते खोडून निळ्या पेनने बायकोचं नाव लिहिलेलं. बिलावर आपल्या हाताने काहीही लिहिलं की ते बाद झालंच समजा, मग लिहिलेलं खरं का असेना. मी त्यांना परत दुकानात पाठवलं. बिल नंबर सांगितल्यावर दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव घालून दुसरी प्रत काढली, शिक्का मारून दिला. नाव आधार कार्डावरचंच घाला म्हणून बजावून सांगितलं होतं, नाहीतर घरचं हाकेचं नाव छापून यायचं. दुकानदार कधी कधी नुसती कच्ची चिठ्ठी देतात, तिच्यावर ना बिल नंबर ना बॅच नंबर. ती कुठेच चालत नाही.

सहाव्या बिलावर वेगळा प्रश्न आला असता. ५ तारखेच्या चिठ्ठीवर २१ तारखेला पुन्हा तीच औषधं कशी? चिठ्ठीत डॉक्टरांनी महिनाभराचं लिहिलं होतं, पण हातात पैसे नव्हते म्हणून भाऊंनी दोन हप्त्यांत घेतलं. हे एका ओळीत सांगितलं की प्रश्न मिटतो.

जाता जाता, मशीनमधून निघणारी गुळगुळीत कागदाची बिलं मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ती काळी पडतात किंवा अक्षरं उडून जातात. मिळाल्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ बिलासोबत जोडा. आणि अर्जात ‘१५,००० ची करमुक्त मर्यादा’ असं लिहू नका. वैद्यकीय बिलांवरची ती सूट आर्थिक वर्ष २०१८-१९ पासून बंद झाली, तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. कंपनीच्या मर्यादेशी तिचा तसाही संबंध नव्हता.

भाऊंच्या दीड पानाचं शेवटी एवढं झालं:

“विषय: पत्नीच्या उपचारखर्चाची प्रतिपूर्ती, रु. ८,१५०.
माझ्या पत्नीवर ३ ते २१ जुलै या काळात झालेल्या उपचारांची सहा मूळ बिलं यादीसह जोडली आहेत. भरलेली रक्कम रु. ९,४४०. तज्ज्ञांची जादा फी रु. ३०० व पावडर रु. ३४० वगळता नियमानुसार रक्कम रु. ८,८००. चालू आर्थिक वर्षात यापूर्वी रु. ११,८५० घेतले असल्याने रु. २०,००० च्या मर्यादेत शिल्लक रु. ८,१५० आहे, तेवढी रक्कम मंजूर करावी. बिल क्र. ५ व ६ एकाच चिठ्ठीवरील महिन्याच्या औषधांची, दोन वेळा घेतलेली आहेत.”

भाऊंनी वाचलं आणि म्हणाले, “पुराचं नाही टाकलं?”

“साहेबांना तोंडी सांगा,” म्हटलं. ते त्यांनी सांगितलंही, सहीला गेले तेव्हा, चांगला पाऊण तास.