पिसू एकच, पण प्रत्येक कडव्यात वेगळी: कन्सीट वाचताना या चुका टाळा

कन्सीट म्हणजे दोन अगदी दूरच्या गोष्टींची ताणून नेलेली, चकित करणारी तुलना. इंग्रजी कवी जॉन डनच्या ‘द फ्ली’, म्हणजे ‘पिसू’, या कवितेवरच्या परीक्षेतल्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कवीने पिसूला प्रेमाची उपमा दिली आहे.’ त्यापुढे पहिल्या कडव्याचा सारांश येतो आणि ‘पुढेही हीच कल्पना फुलवली आहे’ म्हणून उत्तर संपतं. घाईचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, कारण पुढे ‘हीच’ कल्पना राहतच नाही.

नऊ-नऊ ओळींची तीन कडवी आहेत. पहिल्यात पिसू दोघांना चावली आहे, दोघांचं रक्त तिच्या पोटात मिसळलं आहे. याला कुणी पाप म्हणत नाही, मग आपल्या मीलनाला का म्हणावं, असा प्रियकराचा सवाल. पिसू इथे फक्त दाखला आहे. दुसऱ्या कडव्याआधी प्रेयसीने तिला मारायला हात उचललेला असतो. लगेच पिसू होते लग्नाची शेज आणि देऊळ. तिच्यात तीन जीव आहेत, तिला मारणं म्हणजे खून, आत्महत्या आणि धर्मस्थानाची विटंबना, असं तो विनवतो. तिसऱ्यात पिसू मेलेली आहे, प्रेयसीचं नख रक्ताने माखलंय, आणि ‘बघ, आपल्याला काहीच झालं नाही’ असं ती म्हणते. म्हणजे त्याचा आधीचा युक्तिवाद पार कोसळला. तो मात्र तिचंच वाक्य उचलतो: खरंय, पिसूच्या मरणाने तुझा जेवढा जीव गेला, तेवढीच माझी होताना तुझी अब्रू जाईल.

ज्याला ही कोलांटी दिसली नाही, त्याने कविता वाचलेली नाही. पिसूला मारण्याची कृती दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडते, म्हणून सारांश वाचणाऱ्यांच्या ती हाती लागत नाही. माझी सवय साधी आहे: प्रत्येक कडव्याच्या समासात पेन्सिलीने दोन गोष्टी लिहायच्या. पिसू आत्ता काय आहे? आणि हे कडवं सुरू होण्याआधी प्रेयसीने काय केलं? दोन कडव्यांपुढे एकच उत्तर आलं, तर पुन्हा वाचायचं.

‘कन्सीट म्हणजे आपलं सांगरूपक’ हे अर्धंच खरं. सांगरूपकात अंगाला अंग जुळलं की काम झालं. इथे जुळणी वाद जिंकण्यासाठी आहे, आणि गरज बदलली की तीही बदलते.

डनच्याच ‘अ व्हॅलेडिक्शन: फरबिडिंग मोर्निंग’ या कवितेत प्रेमिकांसाठी वापरलेला कंपास कवितेभर आहे, असं म्हणणंही चूक. नऊ कडव्यांपैकी तो फक्त शेवटच्या तीनांत येतो. आणि त्याचं भाषांतर ‘होकायंत्र’ करू नका. ते भूमितीचं कर्कटक आहे: एक पाय मध्यावर रोवलेला, दुसरा दूर गेला की त्याच्याकडे कलणारा, तो घरी परतला की ताठ उभा राहणारा. होकायंत्राला पाय नसतात.