हात उजवा, डोळा डावा: दहा मीटर पिस्तुलात पाय कुठे ठेवावेत

माझी भाची धुळ्यात एअर पिस्तूल शिकायला लागली तेव्हा पहिले दोन महिने तिच्या लक्ष्याच्या कार्डावर एकच चित्र दिसायचं. दहा छर्रे उभ्या अंगाने तीन सेंटिमीटरच्या आत असायचे आणि आडव्या अंगाने सात सेंटिमीटर पसरायचे. हात थरथरत असता तर छर्रे चहूकडे विखुरले असते. इथे मात्र आडवा पट्टा होता. मी तिला सांगत राहिलो, "डावा डोळा मीट आणि उजव्याने बघ." एनसीसीत मला तसंच शिकवलं होतं. ती मीटायची, मान वाकडी व्हायची, पट्टा तसाच राहायचा. चूक माझी होती. तिचा हात उजवा आहे, पण प्रबळ डोळा डावा आहे, आणि हे मी आधी तपासलंच नव्हतं.

आपण दोन्ही डोळ्यांनी पाहतो, पण एखाद्या गोष्टीची नेमकी दिशा ठरवताना मेंदू एका डोळ्याला जास्त मान देतो. त्याला प्रबळ डोळा म्हणायचं. साधारण तीनातल्या दोघांचा तो उजवा असतो. तो कोणत्या हाताने जेवता यावर ठरत नाही आणि चष्म्याच्या नंबरावरही ठरत नाही. कमी दिसणारा डोळासुद्धा प्रबळ असू शकतो.

आधी डोळा शोधा

जुन्या पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं कार्ड घ्या आणि मधोमध एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. तीन-चार मीटरवर भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यातली एक तारीख निवडा. तिच्या अगदी समोर उभे राहा. कार्ड दोन्ही हातांनी धरून हात पूर्ण लांब करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून ती तारीख बघा. आता मान न हलवता डावा डोळा मीटा. तारीख दिसतच राहिली तर नेमकं पाहणारा डोळा उजवा. भोक रिकामं दिसलं तर डावा. मग डोळा बदलून हीच खात्री उलट बाजूने करा.

दोन्ही हातांनी धरण्याला कारण आहे. उजव्या हाताचं एक बोट रोखून बघायची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात ते बोट आपसूक उजव्या डोळ्यासमोर जातं आणि उत्तर उजवीकडे ढळतं. समोर उभं राहण्यालाही कारण आहे. नजर बरीच बाजूला वळवली की काहींचा प्रबळ डोळा बदलतो. कॅलेंडर कोपऱ्यात असेल तर तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा, नुसती मान वळवू नका.

हे दहा वेळा करा, दर वेळी हात खाली घेऊन. दहापैकी नऊ-दहा वेळा एकच डोळा आला तर प्रश्न मिटला. सहा-चार आला तर प्रबळपणा कच्चा आहे, त्याचा विचार पुढे येईल. मुलांना आधी कारण सांगू नका, नाहीतर ती "बरोबर" उत्तर द्यायला बघतात. काही मुलांना एकच डोळा मीटता येत नाही. त्यांच्यासाठी मोठ्या माणसाने तारखेच्या जागी, समोर तीन मीटरवर बसायचं आणि मुलाला कार्डाच्या भोकातून आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं. भोकात त्याचा जो डोळा तुम्हाला दिसेल तोच प्रबळ. हे फक्त कार्डाने करायचं. पिस्तूल रिकामं असलं तरी माणसाच्या दिशेने कधीच नाही.

आमच्याकडे एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते ती म्हणजे ऊन. दुपारी पत्र्याच्या शेडचं दार डाव्या हाताला उघडं असेल, तर त्या झगमगाटाने डावा डोळा आपोआप बारीक होतो आणि चाचणी उजवा डोळा सांगते. भाचीची पहिली चाचणी मी अशीच दुपारी घेतली होती. दहापैकी पाच-पाच आलं. संध्याकाळी घरात घेतली तेव्हा दहाही वेळा डावा. चष्मा असेल तर तो लावूनच चाचणी घ्या.

माझी आई शेजारी बसून हे सगळं बघत होती. तिने काळजीने विचारलं, "पोरीना डोयामा काही खोट शे का रे?" खोट नाही. पण दोन डोळ्यांच्या नजरेत मोठा फरक जाणवला, किंवा एका डोळ्याने वस्तू स्पष्टच दिसत नसेल, तर नेमबाजीच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

पट्टा आडवाच का पडतो

एअर पिस्तुलावर नेम धरायला मागे खाच आणि पुढे माशी, म्हणजे छोटा उभा दांडा, असते. माशी खाचेत मधोमध बसली पाहिजे. दोघींमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 30 मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर आहे, म्हणजे तो छर्रा थेट सातच्या कडेवर.

दोन डोळ्यांमध्ये जवळपास सहा सेंटिमीटर अंतर असतं. पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर धरलं आणि मेंदू मधूनमधून डाव्या डोळ्याचं चित्र पुढे करत राहिला, तर माशी कधी दुहेरी दिसते, कधी खाचेत एका बाजूला टेकलेली वाटते. नेमबाज ती "दुरुस्त" करत राहतो. ही सगळी ओढाताण आडवी असते, कारण डोळे शेजारी शेजारी आहेत. म्हणून उंची धड आणि रुंदी बिघडलेली असा पट्टा दिसला की आधी डोळा तपासावा. उभा पट्टा असेल तर कारण बहुधा दुसरं असतं, श्वास किंवा मनगट.

डोळा घट्ट मीटणं हा उपाय नाही. मीटलेल्या बाजूची गालाची आणि कपाळाची स्नायू ताणली जातात, ताण मानेत उतरतो. शिवाय एका डोळ्यात प्रकाश जाणं थांबलं की उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते आणि माशीची कड पुसट दिसते.

आता पाय

उजवा हात आणि उजवा डोळा असेल तर उभं राहणं सोपं आहे. उजवा पाय लक्ष्याकडे, पायांत खांद्याएवढं अंतर, छाती लक्ष्याला जवळपास आडवी, म्हणजे बाजूला वळलेली. हात खांद्याच्या रेषेत उचलला आणि मान वळवली की उजवा डोळा खाचेमागे येतो.

त्याच उभं राहण्यात डाव्या डोळ्याने नेम धरायचा तर पिस्तूल सहा सेंटिमीटर छातीच्या बाजूला आणावं लागतं. खांद्यापासून खाचेपर्यंत साधारण 65 सेंटिमीटर धरलं तर हात पाचेक अंशांनी आत वळतो. नवशिक्या हात वळवण्याऐवजी डोकंच उजव्या खांद्याकडे झुकवतो. डोकं तिरकं झालं की माशी आणि खाच कलंडलेली दिसतात, मान दहा मिनिटांत दुखते. भाचीचं हेच होत होतं.

उपाय पायांत आहे. छाती लक्ष्याकडे आणखी उघडायची. आडव्या उभं राहण्यातून सुरुवात करा आणि दोन्ही पावलांसकट अंग लक्ष्याकडे वीसेक अंश वळवा. आता उचललेला हात आपसूक हनुवटीच्या जवळून जातो आणि डावा डोळा खाचेमागे येतो, डोकं सरळ ठेवूनच. किती वळायचं हे खांदे आणि मानेवर ठरतं, म्हणून वीस अंश ही फक्त सुरुवात समजा. समोरून कोणीतरी मोबाईलवर फोटो काढावा, अर्थात हातात पिस्तूल नसताना. नुसता हात उचला आणि फोटोत दोन डोळ्यांची रेषा जमिनीला समांतर आहे का ते बघा.

मग रिकाम्या पिस्तुलाने, लक्ष्याच्या दिशेने, पुढची तपासणी. हात उचला, नेम धरा, डोळे मीटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. पिस्तूल जिथे आलं ती तुमच्या अंगाची नैसर्गिक दिशा. ते लक्ष्याच्या डावीकडे गेलं असेल तर मनगटाने ओढून आणू नका. मागचा पाय डावीकडेच सरकवा. उजवीकडे गेलं तर उजवीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण पुढचा पाय खुंटासारखा आहे. त्याच्याभोवती मागची बाजू डावीकडे गेली की पुढची उजवीकडे येते.

सरकवायचं अगदी थोडं. पायांत 40 सेंटिमीटर अंतर असेल तर मागचा पाय एक सेंटिमीटर हलवल्यावर 10 मीटरवर दिशा हिशोबाने 25 सेंटिमीटर बदलते. लक्ष्याचं कार्ड स्वतः 17 सेंटिमीटरचं आहे. अंग इतकं काटेकोर फिरत नाही, तरी बोटाच्या नखाएवढंच हलवा आणि पुन्हा डोळे मीटून बघा. आम्ही तीन-चार फेऱ्यांत जागा धरली आणि जमिनीवर दोन्ही पावलांभोवती रंगीत टेप लावली.

डावा डोळा नेम धरतो तेव्हा उजव्यापुढे चष्म्यावर पांढुरक्या, आरपार न दिसणाऱ्या पण उजेड येऊ देणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा लावा. स्पर्धेत ही पट्टी 30 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. काळा पुठ्ठा नको, त्याने डोळा मीटल्यासारखंच होतं.

तीन आठवड्यांनी भाचीच्या दहा छर्ऱ्यांची रुंदी सातवरून साडेतीन सेंटिमीटरवर आली. उंची होती तेवढीच राहिली, आणि त्यावरूनच मला खात्री पटली की बिघाड डोळ्याचा होता.

हे सगळ्यांना लागू नाही

ज्यांचं उत्तर सहा-चार आलं, ज्यांची मान आखडलेली आहे, किंवा ज्यांना डाव्या डोळ्याने माशी धूसर दिसते, त्यांनी उजव्या डोळ्यानेच नेम धरावा आणि पट्टी डाव्या डोळ्यापुढे लावावी. उभं राहणं मग नेहमीचंच, आडवं. वर्षानुवर्षं तसं खेळून छर्रे एकत्र पडत असतील तर मोडू नका.

रायफलीत पायांनी हे सुटत नाही. तिथे गाल दस्त्याला टेकलेला असतो आणि खांद्याच्याच बाजूचा डोळा मागच्या गोल भोकामागे येतो. दुसरा डोळा आणायचा तर डोकं दस्त्यावरून ओलांडावं लागेल. म्हणून डावा डोळा पक्का प्रबळ असलेल्या नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी डाव्या खांद्यावर रायफल देऊन बघतो. डावखुरी रायफल मिळत नसेल तर उजवा खांदा आणि डाव्या डोळ्यापुढे पट्टी.

वाढत्या वयात उंची आणि खांदे बदलतात, बूट बदलले तरी उभं राहणं बदलतं. भाचीची टेप आम्ही दर दोन महिन्यांनी काढतो, डोळे मीटून दिशा पुन्हा बघतो आणि नवी लावतो. मागच्या वेळी मागचा पाय दोन सेंटिमीटर हलला. कार्डाची चाचणी मात्र अजूनही दहापैकी दहा डावाच सांगते.