मटण वातड आणि चिकनचा चोथा: कुकर लावताना या चुका टाळा

रविवारी दुपारी दीड वाजता कुकर उघडल्यावर मटण दाताला लागलं की घरात एकच वाक्य येतं, "खाटकानं म्हातारं दिलं". कधी कधी खरंही असतं ते. पण बऱ्याच वेळा बिचाऱ्या खाटकाची काही चूक नसते, आपणच चिकनच्या हिशोबानं मटणाला शिट्ट्या दिलेल्या असतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: शिट्ट्या मोजणं

"मटणाला किती शिट्ट्या?" या प्रश्नाला उत्तरच नाहीये. शिट्टी होते ती आत वाफ जास्त झाली आणि वजन उचललं गेलं म्हणून, मांस शिजलं म्हणून नाही. मोठ्या आचेवर मिनिटा-दीड मिनिटाला एक शिट्टी होते, अगदी बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं होतही नाही. त्यामुळे कोणाच्या सहा शिट्ट्या म्हणजे आठ मिनिटं आणि कोणाच्या सहा म्हणजे अर्धा तास, आणि मग घणसोलीच्या मावशींनी सांगितलेल्या शिट्ट्या कळव्याच्या सूनबाईंच्या कुकरला लागू पडत नाहीत, कुकर तीन लिटरचा की पाचचा, किती भरलाय, गॅस केवढा मोठा ठेवलाय, सगळ्यानं आकडा बदलतो.

त्यापेक्षा पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग गॅस बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा. आच इतकीच ठेवायची की कुकरमधलं प्रेशर टिकून राहील. आत तापमान साधारण १२० अंश असतं, उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जातच नाही, म्हणून तर कुकरमध्ये निम्म्याहून कमी वेळात काम होतं.

मटणाला चिकनपेक्षा एवढा वेळ का?

आपल्याकडे मिळणारं ब्रॉयलर चिकन जेमतेम सहा आठवड्यांचं असतं. खुराड्यात बसून वाढलेलं, पायाला काही कष्ट नाहीत. बोकड साधारण वर्षाचा वगैरे असतो आणि तो आयुष्यभर उभा राहिलेला, चाललेला, चढलेला असतो. मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारं एक पांढरं चिवट जाळं असतं, कोलॅजन म्हणतात त्याला, आणि ज्या स्नायूला काम जास्त त्यात ते जास्त. वर प्राण्याचं वय वाढतं तसं हे कोलॅजन आतल्या आत एकमेकांत घट्ट गुंतत जातं, मग उष्णतेला दाद द्यायला त्याला जास्त वेळ लागतो. पुरेसा वेळ दिला की ते विरघळून जिलेटिन होतं, तेच रश्शाला तो ओठाला चिकटणारा दाटपणा देतं.

आता गंमत अशी की मांसाचे धागे स्वतः मात्र ६०-७० अंशालाच आकसतात आणि पाणी बाहेर फेकतात. म्हणजे दहा मिनिटांनी मटण उघडलंत तर धागे आकसून कडक झालेत आणि जाळं अजून विरघळलेलं नाही, अशी सगळ्यात वाईट वेळ तुम्ही साधलेली असते. लोक इथे घाबरून म्हणतात, जास्त शिजलं म्हणून कडक झालं. उलट आहे, कमी शिजलंय, झाकण लावा परत.

ब्रॉयलरमध्ये विरघळवायला फारसं काही नसतंच, त्यामुळे त्याला तोच वेळ दिला तर धागे नुसते पिळून निघतात आणि चोथा होतो. छातीचे तुकडे तर आधी, त्यात ना चरबी ना जाळं. लेगपीस थोडं सांभाळून घेतो. हाडासकट करी कटला पहिल्या शिट्टीनंतर तीन-चार मिनिटं बास, बोनलेसला कुकर लावूच नका, झाकण ठेवून कढईत करा.

गावरान कोंबडी आणली तर हा सगळा हिशोब विसरा. ती अंगणात पळून वाढलेली असते, वयानंही मोठी. वड्यांबरोबर करायची असेल तर वीस मिनिटं धरून चाला, जुनी अंड्यावरची कोंबडी असेल तर आणखी. नात्यानं कोंबडी असली तरी वागते मटणासारखी.

एकाच पिशवीतलं सगळं एकदम कुकरमध्ये

"दादा, एक किलो मिक्स द्या" म्हटलं की पिशवीत खांदा येतो, चाप येतात, दोन-तीन नळ्या, मानेचा एखादा तुकडा आणि वरून कलेजी. हे सगळं एका वेळात शिजणारच नाही. मागच्या गटारीला ठाण्यात आमच्या मजल्यावरच्या वहिनींचं हेच झालं होतं, चाप एकदम मऊ, नळीवरचं मांस हाडाला धरून बसलेलं आणि कलेजी चावताना खोडरबर. पुढच्या वेळी त्यांनी असं केलं:

पाच लिटरच्या कुकरात कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि त्यांचा आगरी मसाला परतला, आधी फक्त नळ्या आणि मान टाकून दोन कप गरम पाण्यात, पहिल्या शिट्टीनंतर दहा मिनिटं. प्रेशर उतरू दिलं, मग खांदा आणि चाप टाकून परत पहिली शिट्टी आणि बारीक आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद करून पंधरा मिनिटं हातच लावला नाही. कलेजी शेवटी, झाकण उघडल्यावर वाटण घालून उकळी आली तेव्हा, पाच-सहा मिनिटं फक्त.

दोनदा कुकर लावायचा कंटाळा असेल तर सरळ खांद्याचं एकाच जागचं मटण मागा आणि तुकडे सारखे करून घ्या. पाया वेगळाच विषय, त्याला पाऊण तास ते तास, त्यात जवळपास सगळं कोलॅजनच असतं. खिम्याला धागे आधीच तुटलेले म्हणून दहा मिनिटं खूप झाली.

वजन उचलून वाफ सोडणं

पाहुणे बसलेत म्हणून चमच्यानं शिट्टी उचलायची सवय मटणाला नडते. प्रेशर एकदम उतरलं की आतला रस्सा खदखदा उकळतो आणि मांसातलं पाणीही निघून जातं. शिवाय ती शेवटची पंधरा मिनिटंही शिजण्यातच धरलेली आहेत. ब्रॉयलरला मात्र याच कारणासाठी तसंच झाकून ठेवू नका, थोडं थांबून वाफ जपून सोडा.

ताजं मटण लगेच फ्रीझरमध्ये

कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि ते सैल पडायला साधारण दिवस जातो. त्याआधीच गोठवलं तर ते वितळताना आकसतं आणि मग कुकरलाही जड जातं. साठवायचं असेल तर आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग वर. सकाळी आणून दुपारी करणार असाल तर पाच-सात मिनिटं जास्त धरा.

उघडल्यावर कसं ओळखायचं

खांद्याचा तुकडा पळीनं कुकरच्या कडेला दाबा. हाडापासून सहज सुटला तर झालं. दाबल्यावर परत वर उसळतोय, चावल्यावर रबरासारखा लागतोय, तर कमी आहे: अर्धा कप उकळतं पाणी घाला (गार अजिबात नको, सगळं परत तापायला वेळ जातो) आणि आणखी सात-आठ मिनिटं. धागे सुटे होऊन तोंडात कोरडे लागतायत, तर वेळ उलटून गेलीय. मटण असेल तर रस्सा दाट करून त्यात मुरू द्या, बरंच लपतं. चिकन असेल तर हाडं काढा, मांस सोडवून मसाल्यात परता आणि संध्याकाळी पावात भरून पोरांना द्या.