दोन कोटेशनं आणि एकच प्रश्न : "कोणतं चांगलं?"

खरेदी विभागात किंवा हिशेबाच्या कामात नवीन लागलात की हा मेसेज येणारच. दोन पीडीएफ आणि खाली एवढंच : "सर, कोणतं चांगलं?" पाठवणाऱ्याने बहुतेक वेळा शेवटचा आकडा सोडून काही वाचलेलं नसतं. म्हणून आपणही तो आकडा शेवटीच बघायचा.

वाळूज एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या मालकांनी आठ सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची अशी दोन कोटेशनं पाठवली होती. पहिलं ४२,००० रुपयांचं, दुसरं ६६,००० चं. पहिल्याच्या तळाशी बारीक अक्षरात होतं : जीएसटी वेगळा, केबल २८ रुपये मीटरप्रमाणे प्रत्यक्ष वापरावर, हार्ड डिस्क ग्राहकाची. दुसऱ्यात लिहिलं होतं : २७० मीटर केबल, हार्ड डिस्क, फिटिंग, सर्व करांसह. कॅमेरे दोघांचेही दोन मेगापिक्सेलचे आणि एकाच कंपनीचे होते, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ होता. कॅमेरेच वेगळे असते तर आधी त्याबद्दल बोलावं लागलं असतं.

मी कागदावर सामानाची एकच यादी करतो आणि दोघांसमोर ती भरतो. कोटेशनात नाही म्हणून रकाना कोरा सोडायचा नाही, कारण ती वस्तू लागणारच आहे. पहिल्याच्या रकान्यात २७० मीटर केबलचे ७,५६० मिळवले. बेरीज ४९,५६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५८,४८०.

हार्ड डिस्कपाशी मात्र थांबावं लागलं, कारण दुसऱ्याने "हार्ड डिस्कसह" लिहिलं होतं, केवढी ते लिहिलं नव्हतं. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला दोन मेगाबिट धरलं, तर आठ कॅमेरे दिवसरात्र चालून रोज सुमारे १७० जीबी जागा खातात. एक टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं, दोन टीबीची अकरा-बारा दिवस पुरते. चोरी आठवड्याने लक्षात आली तर एवढ्याच फरकावर सगळं अवलंबून. फोन केला तेव्हा कळलं, एक टीबी. तेवढ्याच डिस्कचा करासकट भाव बाजारात विचारला, ४,५०० निघाला. पहिलं झालं ६२,९८०. चोवीस हजारांचा फरक तीन हजारांवर आला.

दुसऱ्याची वॉरंटी दोन वर्षं, आणि माणूस जागेवर येऊन दुरुस्त करणार. पहिल्याची एकच वर्ष, कॅमेरा काढून दुकानात न्यायचा. तीन हजारांसाठी मी दुसरं म्हटलं असतं. पण वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं आहे आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतं, म्हणजे तो कर त्याच्या स्वतःच्या भरायच्या करातून वजा होतो. अशा ग्राहकाची खरी किंमत कर वगळून असते. पहिल्याचे करासह ६२,९८०, कर वगळून साधारण ५३,३७०. दुसरा विक्रेता नियमित करदाता असेल तर त्याचे ५५,९३०. तो कंपोझिशन योजनेतला असेल तर त्याला ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, क्रेडिटही मिळत नाही, आणि ६६,००० पूर्ण खिशातून जातात. कोटेशनावर कर वेगळा दाखवलेला नव्हता, म्हणून शंका आली. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये कोटेशनावरचा जीएसटी नंबर टाकला, तिथे Composition आलं. फरक साडेबारा हजारांच्या वर गेला आणि निवड उलटली. हेच कोटेशन एखाद्या शाळेने पाठवलं असतं, तर शाळेला क्रेडिट मिळत नसल्याने मी दुसरं घ्या म्हटलं असतं.

नवीन माणूस इथे दोन टोकांना जातो. एक तर "पहिलं स्वस्त आहे" असं एका ओळीत कळवतो, नाहीतर पंधरा प्रश्नांची यादी पाठवतो. ती यादी कोणी भरून देत नाही. ज्याच्या उत्तराने निवड बदलेल तेवढंच विचारा, बाकी तुम्ही काय धरलं ते लिहा, आणि उत्तर आधी द्या. मी लिहिलं होतं :

"पहिलं घ्या. केबल २७० मीटर आणि एक टीबी डिस्क धरून, क्रेडिट वजा जाता ते साडेबारा हजारांनी स्वस्त पडतं. वॉरंटी मात्र एकच वर्ष आहे. रेकॉर्डिंग किती दिवसांचं हवं? दहा दिवस हवं असेल तर डिस्क दोन टीबीची घ्यावी लागेल, खर्च थोडा वाढेल, निवड तीच राहील."

मालकांनी दहा दिवस सांगितले. मग पहिल्याकडून दोन टीबी डिस्कसह सुधारित कोटेशन लेखी मागवलं. केबल प्रत्यक्ष वापरावर होती, म्हणून त्यात एक ओळ घालायला लावली : मोजणी केबलवर छापलेल्या मीटरच्या आकड्यांवरून, ओढण्याआधी आणि ओढल्यावर, ग्राहकाच्या माणसासमोर.