रेंडरमधला ग्रॅनाइटचा ओटा: शिरांचे माप, कडेची गोलाई आणि सिंकचा कट

किचनच्या रेंडरमध्ये कॅबिनेट, टाइल्स, लाइट सगळं जमलेलं असतं आणि ओटा मात्र वॉलपेपर चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी लोक हमखास सांगतात, "रिफ्लेक्शन वाढव" किंवा "भारी टेक्स्चर घे". दोन्ही सल्ले निरुपयोगी आहेत. दहातल्या नऊ वेळा चूक मापाची असते. दगडाचा दाणा आणि शिरा ज्या मापाच्या हव्यात त्या मापाच्या नसतात, आणि मग कड व सिंकचा कट कितीही नीट केला तरी डोळ्याला खटकतं. मी Blender वापरतो, म्हणून पायऱ्या त्यातल्या सांगतो. मापांचा हिशेब कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हाच राहील.

उदाहरण घेऊ दहा फुटी ओट्याचं: लांबी 305 सेंमी, खोली 60 सेंमी, दगडाची जाडी 18 मिमी. दगड व्हिस्कॉन व्हाइट, म्हणजे पांढरट-राखाडी पृष्ठभागावर काळपट लहरत जाणाऱ्या शिरा. ब्लॅक गॅलेक्सी घेतलात तर त्यात शिरा नसतात, नुसते सोनेरी ठिपके असतात. दिशेची चिंता मिटते, मापाची नाही.

मॉडेल खऱ्या मापात करा आणि Ctrl+A मधून Scale लावून टाका. हे केलं नाही तर पुढची सगळी मापं खोटी ठरतात.

आता कड. टेक्स्चर लावायच्या आधी कड पूर्ण करायची, हा क्रम बदलू नका. UV आधी करून नंतर Bevel मारलात, तर गोलाईवर शिरा ताणल्या जातात किंवा तुटतात. साधी कड हवी असेल तर वरच्या धारेला 2 ते 3 मिमी गोलाई पुरते. अगदी धारदार काटकोन कुठल्याच ओट्याला नसतो, आणि त्या बारीक गोलाईवर पडणारी प्रकाशाची रेघच दगडाला जाडी देते. फुल राउंड हवा असेल तर 18 मिमीच्या दगडाला वरून-खालून 9-9 मिमी येतात, तिथे 8.9 द्या, म्हणजे मधले बिंदू एकमेकांवर बसून शेडिंगला डाग पडणार नाहीत. खालून पट्टी चिकटवून कड जाड दाखवायची असेल, तर ती पट्टी वेगळा तुकडा म्हणूनच करा. खऱ्या कामात ती स्लॅबच्या दुसऱ्या भागातून कापलेली असते, म्हणून सांध्यापाशी शिरा जुळत नाहीत आणि एक बारीक रेघ दिसते. ती रेघ राहू द्या.

आता खरा टप्पा, शिरांचं माप. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा, कारण सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: Mapping मधला Scale कमी-जास्त करत राहा, डोळ्याला बरं वाटेल तिथे थांबा. डोळ्यावर भिस्त ठेवू नका. डोळ्याला बारीक नक्षी नेहमीच आकर्षक वाटते, म्हणून प्रत्येक जण शिरा लहान करत जातो आणि शेवटी दोन मीटरची लहर ताटाएवढी होऊन बसते.

त्याऐवजी दगड कापणारा कारागीर जसा विचार करतो तसा करा. त्याच्यासमोर एक अख्खा स्लॅब असतो आणि त्यातून तो तुकडे बेततो. तुम्हालाही अख्ख्या स्लॅबचा, समोरून सरळ काढलेला, कडेपर्यंत नीट कापलेला फोटो हवा, आणि त्या स्लॅबचं माप माहीत हवं. समजा स्लॅब 270 × 180 सेंमी आहे. आपला ओटा 305 सेंमी, म्हणजे तो एका तुकड्यात निघणारच नाही. एक तुकडा 210 चा आणि दुसरा 95 चा करा, आणि सांधा सिंकपासून लांब ठेवा. सांधा दिसतो म्हणून रेंडर बिघडत नाही; उलट दहा फूट सलग, मध्येच पुन्हा तीच नक्षी येणारा दगड बघितला की जाणकार लगेच ओळखतो.

मटेरिअलमध्ये आधी फोटो जोडून ठेवा, म्हणजे उलगडताना त्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण धरलं जाईल. मग प्रत्येक तुकड्याच्या मागच्या, बाजूच्या आणि पुढच्या कडेच्या खालच्या धारेवर seam द्या. वरचा पृष्ठभाग आणि पुढची गोलाई एकत्र निवडून Unwrap करा. दोन्ही मिळून एक सपाट पट्टी उलगडते. UV Editor मध्ये ही पट्टी फोटोवर ठेवा आणि हिशेबाने मोठी-लहान करा. 210 ला 270 ने भागलं की 0.78, म्हणजे पहिल्या तुकड्याने फोटोच्या रुंदीचा 0.78 भाग व्यापला पाहिजे. कडेसकट खोली साधारण 62 सेंमी, तिला 180 ने भागलं की 0.34, उंचीचा तेवढा भाग. दुसरा तुकडा 95 चा, तो रुंदीचा 0.35 भाग घेईल; त्याला पहिल्याच्या वर किंवा खाली, उरलेल्या दगडात जागा द्या. शिरांची दिशा दोन्हीकडे लांबीच्या बाजूने. दोन पट्ट्या एकमेकींवर येऊ देऊ नका, फोटोबाहेर जाऊ देऊ नका. एवढं पाळलंत की नक्षी पुन्हा येण्याचा प्रश्नच उरत नाही.

पुढची कड वरच्या भागाबरोबर उलगडण्याचं कारण सांगतो. वरून सरळ प्रोजेक्शन टाकलं तर कडेवर उभ्या रेघांचे फराटे येतात. Box प्रोजेक्शनने फराटे जातात, पण शीर धारेपाशी येऊन अचानक संपते. दगडात शीर जाडीतूनही जाते, म्हणून ती धारेवरून खाली उतरलेली दिसायलाच हवी.

माप बरोबर आलं का हे कडेजवळ जाऊन तपासा. 18 मिमीच्या जाडीत किती दाणे बसतात ते मोजा. ग्रॅनाइटचे दाणे बहुधा काही मिलिमीटरचे असतात, तेव्हा जाडीत चार-सहा-दहा दाणे दिसले तर ठीक. तीस-चाळीस दिसले तर नक्षी फार लहान झाली आहे. एकाच दाण्याने अख्खी कड भरली तर फार मोठी. दाणे दिसतच नसतील तर फोटो अपुरा आहे. 270 सेंमीसाठी 1024 पिक्सेल म्हणजे एका पिक्सेलमध्ये अडीच मिलिमीटरहून जास्त दगड. दाणा पुसला जातो आणि ग्रॅनाइट मार्बलसारखा धुरकट दिसतो. 4096 घ्या. तेही फक्त नेहमीच्या अंतरावरून पुरेल. कॅमेरा कडेला चिकटवायचा असेल तर तेवढ्या भागाचा जवळून काढलेला वेगळा फोटो लागेल.

Roughness 0.1 च्या आसपास ठेवा, बाकी काही करू नका.

सिंकचा कट सगळ्यात शेवटी, Boolean ने. 24 × 18 इंची सिंक म्हणजे साधारण 61 × 46 सेंमी. 60 च्या खोलीत पुढे 7 आणि मागे 7 सेंमी दगड उरतो. पुढची पट्टी याहून बारीक दाखवू नका, असा दगड उचलताना तुटण्याची भीती असते. कापणाऱ्या ठोकळ्याच्या चारही उभ्या कोपऱ्यांना किमान 1 सेंमी गोलाई द्या. आतला कोपरा काटकोनी ठेवला तर दगडाला तिथूनच तडा जातो, म्हणून कारागीर तो गोलच काढतो. सिंक दगडाखाली बसणारं असेल तर भांडं कटपेक्षा चारही बाजूंनी 3 मिमी मोठं करा, म्हणजे दगडाची पॉलिश केलेली जाडी भांड्यावर किंचित पुढे येते.

Boolean नंतर वरच्या शिरा हलत नाहीत, पण कटच्या आतल्या भिंतीवर भलतंच काहीतरी उमटतं. त्या भिंतीची UV ओट्याकडून येत नाही, कापणाऱ्या ठोकळ्याकडून येते. म्हणून ठोकळ्यालाही तेच मटेरिअल द्या, UV Map चं नाव दोन्हीकडे एकच ठेवा आणि ठोकळ्याच्या उभ्या भिंती त्याच हिशेबाने फोटोवर बसवा. मग सिंकच्या कोपऱ्यावर कॅमेरा नेऊन एक छोटा रेंडर काढा. आतल्या भिंतीवरचा दाणा आणि वरचा दाणा एकाच मापाचा दिसला, की ओट्याचं काम झालं. नळ भिंतीतून येत असेल तर दगडाला भोकही पाडायचं नाही.