शेंबूड हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक? या चुका टाळा

जुलैमधली गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई दवाखान्यात आली आणि आधी रुमाल उघडून दाखवला. सोमवारी नाकातून पाणी, मंगळवारी थोडी कणकण, गुरुवारी सकाळी घट्ट हिरवा शेंबूड. "डॉक्टर, आता इन्फेक्शन झालंय ना? छातीत उतरायच्या आत अँटिबायोटिक द्या." पोरगं तोवर माझा स्टेथोस्कोप ओढत होतं. ताप उतरलेला, श्वास शांत, छाती स्वच्छ.

पहिली चूक इथेच होते: आपण मूल बघायचं सोडून रंग बघतो. हिरवा रंग जंतूंचा नसतो. सर्दीच्या विषाणूशी लढायला नाकात पांढऱ्या पेशी जमा होतात आणि त्या पेशींमध्येच हिरवट रंगाचं, लोह असलेलं एक एन्झाइम असतं. पेशी मरून शेंबडात मिसळल्या की तो आधी पिवळा आणि मग हिरवा दिसतो. लढाई विषाणूशी असो की बॅक्टेरियाशी, पेशी त्याच येतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून डॉक्टरलाही फरक कळत नाही. सकाळी रंग जास्त गडद दिसतो, कारण रात्रभर शेंबूड साचून सुकलेला असतो.

साध्या सर्दीचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिले दोन दिवस पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, मग पुन्हा पातळ, आणि 7 ते 10 दिवसांत नाक बहुतेक मोकळं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड घशात मागे ओघळतो, म्हणून आडवं झालं की खोकला वाढतो. मोठ्या मुलाचा हिरवा बेडकाही बहुतेक वेळा याच प्रकारातला असतो.

या क्रमामुळेच दुसरी फसगत होते. हिरवा शेंबूड बघून पाचव्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं, आठव्या दिवशी मूल बरं झालं, की घरात पक्कं होतं: "याला त्या औषधाशिवाय उतार पडत नाही." सर्दी आठव्या दिवशी तशीही उतरणार होती. अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, विषाणूला त्याने काहीच होत नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे. प्रत्येकीला बाटली उघडली, तर मुलाच्या वाट्याला जुलाब आणि पुरळ येतात, आणि पोटातले जंतू त्या औषधाला निर्ढावतात. उद्या खरंच न्यूमोनिया झाला, तर तेच औषध कमी पडू शकतं.

त्या ताईंनी पर्समधून मोठ्या मुलीची उरलेली बाटलीही काढली. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं हे सिरप ठरावीक दिवसच टिकतं. बऱ्याच अँटिबायोटिकचं फ्रीजमध्येही आठवडाभरच. शिवाय डोस वजनावर ठरतो, त्यामुळे बहिणीचा डोस भावाला चालत नाही. ती बाटली मी ठेवून घेतली.

मग काळजी कधी करायची? दहा दिवस उलटूनही नाक वाहणं किंवा खोकला जराही कमी नसेल. बरं वाटू लागलेलं मूल पुन्हा तापाने फणफणलं असेल. किंवा 102 च्या वर ताप आणि घट्ट शेंबूड सलग तीन दिवस असेल, तर सायनसमध्ये बॅक्टेरिया असू शकतात. तिथे अँटिबायोटिकचा विचार होतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा हिरवा शेंबूड येत असेल, तर बहुधा आत मणी किंवा हरभरा अडकलेला असतो. तो घरी काढायला जाऊ नका.

न्यूमोनियाची शंका रंगावर नाही, श्वासावर घ्यायची. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांपर्यंत 60, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त आलं, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, मूल पीत नसेल किंवा मलूल असेल, तर रात्र असली तरी निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला, तरी थांबू नका.

त्या मुलाचे श्वास 28 भरले. मी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि झोपताना अर्धा चमचा मध सांगितला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही. वाफ नको म्हटलं, कारण गरम पाणी सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. रविवारी ताईंचा फोन आला: शेंबूड पातळ झाला होता, पोरगं वरण-भात मागून खात होतं, खोकला थोडा होता. तो आणखी दहा दिवस राहिला आणि आपोआप गेला.